शिडीचे सव्वीस चेंडू

आमच्या संघाच्या स्कोअररला सगळे तराजूकाका म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते वाचायला कुणी जात नाही. पस्तीस वर्षं ते वजनमापं तपासायच्या सरकारी खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरले की आधी काटा बघायचे, मग माणूस. निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ मैदानावर आले, आणि तिथेही त्यांनी तोच धंदा चालू ठेवला.

मी संघाची व्हिडिओ बघणारी बाई. सामन्याचं चित्रण लॅपटॉपवर घ्यायचं, चेंडूचेंडूचे तुकडे करायचे आणि कोच मागतील ते काढून द्यायचं, हे माझं काम. स्कोअररच्या खोलीत काकांच्या टेबलाला माझं टेबल चिकटून आहे. चार हंगाम मी त्यांच्याशेजारी बसले. या चार हंगामांत त्यांनी माझ्या पेन्सिली टोकदार केल्या, माझं इंग्रजी स्पेलिंग सुधारलं आणि एकदा माझा डबा हातात घेऊन त्यात भाजी कमी आहे असं सांगितलं. बरोबर होतं. कमीच होती.

काकांचं खास काम म्हणजे शेवटची चार षटकं. वीस षटकांच्या खेळात सतरावं ते विसावं षटक म्हणजे डेथ ओव्हर्स. तेव्हा फलंदाज प्रत्येक चेंडू मैदानाबाहेर टाकायच्या बेतात असतो आणि गोलंदाजाच्या अब्रूचं भिरभिरं होतं. त्या षटकांसाठी काकांचं वेगळं निळं रजिस्टर होतं, आणि प्रत्येक गोलंदाजाचे त्यात तीन आकडे निघायचे. पहिला इकॉनॉमी, म्हणजे षटकामागे दिलेल्या धावा. त्यात वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्याच माथी, बाय आणि लेगबाय मात्र नाही. दुसरा डॉट चेंडूंचा वाटा, म्हणजे टाकलेल्या कायदेशीर चेंडूंपैकी किती चेंडूंवर गोलंदाजाच्या नावावर काहीच लागलं नाही. हे दोन आकडे कुणीही काढेल. शाळेतलं गणित आहे.

तिसरा आकडा यॉर्करचा. यॉर्कर म्हणजे फलंदाजाच्या बुटापाशी पडणारा चेंडू. तिथे पडला तर बॅट खाली आणताना माणसाची तारांबळ उडते. वीतभर पुढे गेला तर फुलटॉस, हातभर मागे राहिला तर फटकवायला तयार ताट. काका क्रीजच्या रेघेपासून मोजायचे नाहीत, बुटापासून मोजायचे, कारण काही फलंदाज मुद्दाम आत सरकून उभे राहतात. गोलंदाज शंभर यॉर्कर टाकायला गेला आणि त्यातले किती खरंच बुटापाशी पडले, ही त्याची अचूकता.

आता यात गोम अशी की पडलेला चेंडू कॅमेऱ्यात दिसतो, पण टाकायला काय गेला होता ते दिसत नाही. गुडघ्याएवढा आलेला फुलटॉस हा चुकलेला यॉर्कर असू शकतो, आणि हातातून निसटलेला हळू चेंडू, म्हणजे स्लोअरही असू शकतो. आमच्या मैदानांवर वेग मोजायचं यंत्रही नाही. म्हणून काकांची एक पद्धत होती. सामना संपला की दोन कप चहा घ्यायचा, गोलंदाजाच्या शेजारी बसायचं आणि एकेक चेंडू विचारायचा, "काय टाकायचं होतं?" गोलंदाज सांगायचा. काका क्षेत्ररक्षणाशी ताडून बघायचे आणि लिहायचे. रजिस्टरात त्यासाठी रकाना होता, 'कुणी सांगितलं'. त्यात बहुतेक ठिकाणी 'स्वतः' असं लिहिलेलं असायचं. मला हा रकाना फार आवडायचा. आजकाल माणसाला काय करायचं होतं हे विचारतं कोण?

संघात शेवटची षटकं टाकणारे दोघे. एक डावरा, बावीस वर्षांचा, डाव्या हाताने तोफ सोडतो, उजव्या हातातला मोबाईल मात्र सोडत नाही. दुसरा शिडी. उंच, बारीक, वय एकतीस, बोलणं कमी. शिडी हा काकांचा जावई.

हे लग्न सात वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून काकांनी मैदानावर जावयाशी खेळाबद्दल एक अक्षर बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. घरी "जावईबापू, बसा" आणि मैदानावर तोंडाला कुलूप. रजिस्टरात बाकी सगळे टोपणनावाने, शिडी मात्र 'एकतीस'. तो त्याच्या शर्टाचा आकडा. योगायोगाने यंदा वयही तेच झालं, त्यामुळे दिसायला जरा बरं दिसत होतं.

साखळी सामने संपले, आम्ही उपांत्य फेरीत गेलो, आणि आमचा मुख्य वेगवान गोलंदाज दुखापतीतून बरा होऊन परत आला. पंधरा जणांत एक जागा रिकामी करायची होती. डावरा किंवा शिडी. डावऱ्याला अजून दहा हंगाम होते. शिडीला नव्हते. एकतिसाव्या वर्षी बाद फेरीतून वगळलेला गोलंदाज पुढच्या वर्षीच्या यादीत येत नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

निवड मंगळवारी होती. काकांनी शनिवारीच आकडे दिले. डावरा : बावीस षटकं, एकशे सत्त्याऐंशी धावा, इकॉनॉमी साडेआठ. एकशे बत्तीस चेंडूंत सेहेचाळीस डॉट, म्हणजे पस्तीस टक्क्यांच्या जरा आत. शिडी : वीस षटकं, एकशे चौऱ्याहत्तर धावा, आठ पूर्णांक सात. एकशे वीस चेंडूंत बेचाळीस डॉट, बरोबर पस्तीस टक्के. इथपर्यंत डावं-उजवं करायला जागा नव्हती. मग तिसरा आकडा. डावरा साठ यॉर्कर टाकायला गेला, सत्तावीस पडले, पंचेचाळीस टक्के. शिडी सत्तर टाकायला गेला, एकवीस पडले. तीस टक्के.

"संपलं की मग," कोच म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

मला ते तीस टक्के घशाखाली उतरेनात. मी शिडीचे चेंडू चौदा सामने तुकड्यातुकड्यांनी बघितले होते. मी अशी बाई आहे की एखादी गोष्ट खटकली की ती जोपर्यंत दुसऱ्याला खटकत नाही तोपर्यंत मला स्वस्थता नसते. काका हात धुवायला गेले तेव्हा मी निळं रजिस्टर उघडलं. डावऱ्याच्या पानांवर 'कुणी सांगितलं' या रकान्यात स्वतः, स्वतः, स्वतः. एकतीसच्या पानांवर तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

काका आले, हात पुसत. मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं.

"काका, हे काय?"

"काय?"

"शिडीला विचारलंच नाहीत?"

"जावयाला विचारून जावयाचा आकडा भरू?" काका म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"मग हे सत्तर यॉर्कर कुणी सांगितले?"

"बुटाच्या आसपास आलेला प्रत्येक चेंडू यॉर्करचा प्रयत्न धरला. शंकेचा फायदा द्यायचा नाही असं ठरवलं होतं. स्वतःच्या माणसाला कसला फायदा?"

"आणि डावऱ्याला?"

"तो सांगेल ते धरलं."

"म्हणजे डावऱ्याचा स्लोअर हातातून निसटला तर तो स्लोअर, आणि शिडीचा निसटला तर तो चुकलेला यॉर्कर?"

काकांनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला, तो सरळ केला, मग पुन्हा सरळ केला.

"पस्तीस वर्षं काटे तपासलेत तुम्ही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "एका गिऱ्हाईकाला एक वजन आणि दुसऱ्याला दुसरं, अशा दुकानदाराचं काय करायचात?"

"काटा जप्त करायचो," काका म्हणाले.

ते खाली बसले. चेहरा उतरला होता. इतका वेळ मी तावातावाने बोलत होते, पण तो चेहरा बघून माझंच मन मला खाऊ लागलं. मी काकांवर रागावते, पण मला ते वडिलांच्या जागी आहेत. हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी पुरावा मागितला असता.

रविवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या मुलीच्या घरी गेलो. काका म्हणाले, "तू चल. साक्षीदार हवा." जिन्यावर त्यांनी दोनदा थांबून दम घेतला. जिना एकच मजल्याचा होता.

दार मुलीने उघडलं. तिने आधी वडिलांकडे बघितलं, मग त्यांच्या काखेतल्या निळ्या रजिस्टराकडे, मग माझ्या लॅपटॉपकडे.

"बाबा, आज रविवार आहे."

"जावईबापू आहेत का?"

"आहेत. पाय शेकत बसलेत."

शिडी खरोखरच बादलीत पाय घालून बसला होता. सासरे दारात बघून तो उभा राहायला गेला आणि बादली लवंडली. पुढची पाच मिनिटं चौघांनी मिळून फरशी पुसली. संकोच मोडायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप मांडला. मुलीने चहा आणला. काकांनी कप हाताने बाजूला सरकवला.

"काम संपल्यावर," ते म्हणाले. "आत्ता तुमच्या घरचा चहा मी घेऊ शकत नाही."

"बाबा, चहा आहे तो. लाच नाही," मुलगी म्हणाली.

"साखर आहे ना त्यात?"

मुलगी तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी कप उचलला. माझ्यावर असं काही बंधन नव्हतं.

काकांनी पेन्सिल काढली. माझ्याकडे बघितलं, मी पहिला चेंडू लावला. दुसरा सामना, विसावं षटक, दुसरा चेंडू. फुलटॉस, कव्हरवरून चौकार. काकांनी घसा साफ केला. सात वर्षांत जे वाक्य त्यांनी बाकी सगळ्यांना विचारलं होतं ते आता त्यांच्या तोंडातून निघेना. शेवटी निघालं.

"काय टाकायचं होतं तुम्हाला?"

शिडीने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. "यॉर्कर. चुकला."

काकांनी लिहिलं. पुढचा. "यॉर्कर. पडला." पुढचा. "हा स्लोअर होता. बोटं आडवी घातली होती, दव होतं, निसटला." काकांनी मला खूण केली. मी चित्र संथ केलं, बोटं मोठी करून दाखवली. आडवीच होती. काकांनी 'यॉर्कर' खोडून 'स्लोअर' लिहिलं.

असे सत्तर चेंडू. गोलंदाजाला आपला प्रत्येक चेंडू आठवतो, हे मी ऐकून होते. शिडीला चेंडू आठवत होता, वारा आठवत होता, मिडविकेटचा माणूस दोन पावलं आत उभा होता हेही आठवत होतं. सात वर्षं तो कुणीतरी विचारायची वाट बघत असावा. आणि तरी त्याने एकाही चेंडूला लबाडी केली नाही. एक चेंडू तर असा होता की त्याने हळू म्हटलं असतं तर मीही मान डोलावली असती. "नाही," तो म्हणाला, "यॉर्करच होता. घाबरलो म्हणून तसा पडला." खिडकीपाशी उभ्या मुलीने मान वळवली. नवरा घाबरतो हे तिला बहुतेक नव्यानेच कळत होतं.

पन्नासाव्या चेंडूच्या पुढे कुठेतरी एक सुंदर यॉर्कर आला. बुटाच्या टोकावर, स्टंप उडाला. काकांनी आधीच 'पडला' म्हणून नोंद केलेली होती.

"हा वजा करा," शिडी म्हणाला.

"का?"

"हा स्लोअर होता. चुकून तिथे पडला. विकेट मिळाली म्हणून मी ओरडलो, पण यॉर्कर नव्हता."

काकांनी चष्मा काढला. चष्मा पुसायला रुमाल सापडेना, म्हणून शर्टाने पुसला. मग त्यांनी तो चेंडू वजा केला.

बेरीज झाली. सत्तरपैकी सव्वीस चेंडू यॉर्करचे नव्हतेच. उरले चव्वेचाळीस, त्यातले पडलेले वीस. पंचेचाळीस टक्क्यांच्या जरा वर. सव्वीसपैकी तेवीस चेंडूंत बोटं चित्रात स्वच्छ दिसत होती, तीन ठिकाणी अंपायर आड आला होता. काकांनी हेही लिहिलं.

आम्ही निघालो तेव्हा काकांचा चहा टेबलावर तसाच होता, वर साय धरलेला. दारात ते थांबले. "जावईबापू," ते म्हणाले, "चूक माझी होती. आधी विचारायला हवं होतं." शिडी म्हणाला, "असू दे, बाबा." खेळाच्या कामात त्याने त्यांना बाबा म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. जिना उतरताना काका एकदाही थांबले नाहीत.

मंगळवारी भांडारघराच्या वरच्या खोलीत बैठक झाली. अध्यक्ष, दोन निवडकर्ते, कोच, कॅप्टन. काकांनी उभं राहून दुरुस्तीचा कागद वाचला. पहिलंच वाक्य होतं, 'खाली सही करणारा हा सदर गोलंदाजाचा सासरा आहे.' हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, पण काकांनी ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर एकदा थांबले.

अध्यक्ष हसले. "शनिवारी तीस टक्के. आज पंचेचाळीस. मधे एकच गोष्ट घडली, तुम्ही मुलीकडे जेवून आलात."

"जेवलो नाही," काका म्हणाले. "चहाही घेतला नाही."

"मी घेतला," मी म्हणाले. "दोन कप. चेंडू माझ्यासमोर विचारले. तेवीस तुम्ही स्वतः बघा, तीनवर विश्वास ठेवा, नाहीतर ते तीन जुन्यासारखे धरा. सत्तेचाळीसपैकी वीस, बेचाळीस टक्के होतात. तीसवर काही केल्या येत नाही."

अध्यक्षांनी तेवीस चेंडू बघितले. सातव्यानंतर त्यांना कंटाळा आला, पण मी थांबले नाही. माझा स्वभावच वाईट आहे.

"म्हणजे तिन्ही आकडे बरोबरीत," कोच म्हणाले. त्यांनी कागद उलगडला, पुन्हा घडी घातली. मग काकांकडे वळले. "षटकवार किती आहे? विसावं कुणी टाकलं?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं, तिथे एक माणूस गवताला पाणी घालत होता.

"काका," मी म्हणाले, "शेवटून तिसरं पान."

काकांनी पान काढलं. ते पान तयार होतं. शनिवारीही तयारच होतं. शिडीच्या वीस षटकांपैकी नऊ विसावी होती, डावऱ्याच्या बावीसपैकी दोन. आमच्या स्पर्धेत सतराव्या षटकात सरासरी साडेआठच्या आसपास धावा जातात, विसाव्यात साडेदहाच्या आसपास. म्हणजे अवघड काम करूनही शिडीची इकॉनॉमी सोपं काम करणाऱ्याच्या जवळपास होती.

"हे आधी का नाही दिलंत?" कोचनी विचारलं.

"कुणी मागितलं नव्हतं," काका म्हणाले. मग, "आणि ते एकतीसच्या बाजूने होतं." एवढं बोलून त्यांनी रजिस्टर मिटलं आणि निर्णय होईपर्यंत बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले.

शिडी राहिला. डावरा गेला. डावऱ्याला काकांनीच जाऊन सांगितलं, त्याच्या चेंडूंची पानं उघडून. तो दोन दिवस काकांशी बोलला नाही. मला वाईट वाटलं. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं, आणि त्याचे पंचेचाळीस टक्के खरेच होते.

उपांत्य सामन्यात शेवटच्या षटकात समोरच्यांना अकरा हव्या होत्या. चेंडू शिडीच्या हातात. एक धाव, डॉट, चौकार, दोन, डॉट. शेवटच्या चेंडूवर चार. काकांची पेन्सिल कागदाला टेकलेली होती आणि टोक मोडलं होतं, पण त्यांच्या लक्षात आलं नाही. शिडी धावत आला. चेंडू फुलटॉस निघाला, गुडघ्याएवढा. फलंदाजाने लाँगऑनकडे उचलला, आणि सीमेच्या दोन पावलं आत तो झेलला गेला.

सगळा संघ मैदानात धावला. कोच नाचले. त्यांना नाचता येत नाही. अध्यक्षांनी मला टाळी दिली आणि तो निर्णय आपलाच होता असं तीनदा सांगितलं.

काका शांतपणे उठले. थर्मासमधून दोन कप चहा भरला आणि पायऱ्या उतरून गेले. मी लॅपटॉप घेऊन मागोमाग. शिडी सीमेपाशी एकटा बसून बुटाची नाडी सोडत होता. काका त्याच्या शेजारी गवतावर बसले. गुडघे दुखतात त्यांचे, वेळ लागला. त्यांनी एक कप त्याच्यापुढे ठेवला, दुसरा स्वतः घेतला, आणि मांडीवर निळं रजिस्टर उघडलं.

"पहिला?"

"स्लोअर."

"दुसरा?"

"यॉर्कर. पडला."

"तिसरा?"

"यॉर्कर. चुकला, चौकार गेला."

"चौथा?"

"स्लोअर. पाचवा यॉर्कर, तो पडला."

"आणि शेवटचा?"

आजूबाजूला गोंगाट चालला होता. शिडीने चहाचा घोट घेतला. "यॉर्कर होता. चुकला."

"विकेट मिळाली त्यावर," काका म्हणाले. "सामना जिंकला आपण."

"चुकला तो चुकलाच, बाबा. लिहा."

काकांनी लिहिलं. मोडक्या टोकाने नीट उमटेना, म्हणून माझी पेन्सिल मागून घेतली. चार प्रयत्न, दोन पडले. 'कुणी सांगितलं' या रकान्यात त्यांनी सहा वेळा 'स्वतः' लिहिलं. मग पानाच्या वर गेले, 'एकतीस' खोडलं आणि तिथे 'शिडी' लिहिलं. त्यानंतर त्यांनी चहा पूर्ण संपवला, आणि साखर जास्त झाली असं मला सांगितलं.